पाणी किती उडालं हे फ्रेम्स सांगतात

ठाण्यात तलावपाळीला कट्ट्यावरून कोणी मुठीएवढा दगड मासुंदा तलावात टाकला आणि पाणी फूटभर, म्हणजे ३० सेंटीमीटर उडालं असं धरू. हे हाताने ॲनिमेट करायचं तर थेंबाचा आकार नंतर बघा, आधी तो हवेत किती वेळ राहतो ते काढा. ३० सेंटीमीटर खाली पडायला साधारण पाव सेकंद लागतो, वर जायलाही तेवढाच, म्हणजे एकूण अर्धा सेकंद, सेकंदाला २४ फ्रेम्सच्या हिशोबाने १२ फ्रेम्स. एक ड्रॉइंग दोन फ्रेम ठेवलं (यालाच ऑन टूज म्हणतात) तर सहा ड्रॉइंग्जमध्ये खेळ खलास!

आता गॅप, म्हणजे एका ड्रॉइंगपासून पुढच्या ड्रॉइंगपर्यंत थेंब किती सरकतो ते. कागदावर स्प्लॅश ९ सेंटीमीटर उंच काढलाय समजा, तर टोकावरून खाली येताना थेंब पहिल्या ड्रॉइंगला १ सेंटीमीटर सरकतो, मग ३, मग ५, आणि वर जाताना बरोबर उलटं, ५, ३, १. बरेच नवीन लोक सगळीकडे ३-३ ठेवतात आणि मग पाणी दोरीने ओढल्यासारखं वर जातं. चेक करायला सगळ्या ड्रॉइंग्जमधली थेंबाची जागा एकाच कागदावर टिंबांनी मांडा, टोकाशी टिंबं दाटीने यायला हवीत.

उंची चौपट झाली की वेळ दुप्पट होतो, चौपट नाही. १२० सेंटीमीटर उडालेलं पाणी २४ फ्रेम्स घेतं. त्यामुळे तोच ९ सेंटीमीटरचा स्प्लॅश १२ ऐवजी २४ फ्रेम्सवर ताणला तर बघणाऱ्याला मुठीएवढा दगड नाही, धोंडा पडलाय असं वाटतं, चित्रातली एक रेष न बदलता. मला तर यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते. फक्त अगदी बारीक तुषारांना हा नियम लावू नका, त्यांना हवा अडवते, ते रेंगाळतात.

आणि सगळे थेंब एकदम वर, एकदम खाली असंही नको. वर्थिंग्टन नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ १८७० च्या दशकापासून ठिणगीच्या उजेडात क्षणभर दिसणारे स्प्लॅश हाताने काढायचा, ते छान गोल मुकुटासारखे यायचे, पुढे १८९४ च्या सुमारास फोटो मिळाले तेव्हा कळलं की खरे मुकुट वेडेवाकडे असतात, हाताने काढताना डोकं आपोआप ते नीट करत होतं. आपलंही तेच होतं, म्हणून मुकुटाची एक बाजू मुद्दाम एक-दोन फ्रेम आधी फोडायची.

आगीचा हिशोब वेगळा, तिथे ज्वाळेचा लोळ दर वेळी तुटून वर जातो आणि तो किती वेळाने तुटतो हे बुडाच्या रुंदीवर ठरतं. मीटरभर रुंद होळीत एक लोळ साधारण १६ फ्रेम्सनी सुटतो, १० सेंटीमीटरच्या आगीत पाचेक फ्रेम्सनी, त्यामुळे तिथे ऑन टूज पुरत नाही, प्रत्येक फ्रेमला नवीन ड्रॉइंग लागतं. धुरात मात्र आजूबाजूची हवा मिसळत जाते, गोळा फुगतो आणि मंदावतो, म्हणून वर जाताना गॅप कमी करत न्यायची.