डांबरगोळ्या, कापूर आणि रॉकेल : घरगुती कीडनाशक म्हणून वापर

डांबरगोळी म्हणजे घन नॅफ्थॅलिन. ते न वितळता हळूहळू हवेत उडून जाते आणि या वाफेनेच कपडे कुरतडणाऱ्या पतंगांच्या अळ्या मरतात. त्यासाठी वाफ हवाबंद पेटीत बरेच दिवस दाट साठावी लागते. फटी असलेल्या कपाटात किंवा न्हाणीघराच्या मोरीत ती साठत नाही. मोरीतली झुरळे जिवंत राहतात आणि वाफ घरातल्या माणसांच्या श्वासात जाते. तिने डोके दुखते, मळमळते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नॅफ्थॅलिनला २००२ मध्ये संभाव्य कर्करोगकारक ठरवले. युरोपीय संघात या गोळ्यांची विक्री २००८ पासून बंद आहे.

सर्वांत मोठा धोका नवजात बाळाला. ट्रंकेत डांबरगोळ्यांसोबत ठेवलेली दुपटी, कुंची बाहेर काढून तशीच बाळाला वापरली, की नॅफ्थॅलिन श्वासातून आणि कातडीतूनही आत जाते; अंगाला तेल लावलेले असेल तर जास्तच. रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणारे जी-६-पीडी हे विकर जन्मतः कमी असेल, तर या पेशी फुटू लागतात. भारतात पारशी आणि काही आदिवासी समाजांत ही कमतरता अधिक आढळते, पण बहुतेक घरांत ती आधी माहीत नसते. एक ते तीन दिवसांत बाळ पांढरेफटक दिसते, कावीळ वाढते, लघवी चहासारखी गडद होते. कावीळ फार चढली तर मेंदूला कायमची इजा होते. अशा कावीळीत डॉक्टरांना डांबरगोळ्यांचा वापर आवर्जून सांगावा, कारण ते आपणहून विचारतीलच असे नाही. बाळाच्या कपड्यांत या गोळ्या ठेवूच नयेत.

कापराच्या वासाने डास थोडा वेळ दूर राहतात, इतकेच. खडीसाखरेसारखा दिसणारा कापूर मूल सहज तोंडात टाकते. लहान मुलाच्या पोटात सुमारे एक ग्रॅम गेला तरी जीव धोक्यात येतो आणि काही मिनिटांतच झटके येऊ शकतात.

रॉकेलने अंगावर थेंब पडलेले ढेकूण मरतात. खाटेच्या सांध्यांतली, थेंब न पोहोचलेली अंडी उबतात आणि ढेकूण परत येतात. गादीवर शिंपडले तर आगीचा धोका. उवांसाठी डोक्याला चोळल्यास कातडी भाजते. पाण्याच्या बाटलीत ठेवलेले रॉकेल मूल पिते तेव्हा खरी इजा फुप्फुसांना होते. खोकला, धाप लागणे ही त्याची खूण.

रॉकेल किंवा कापूर पोटात गेल्यास उलटी करवू नये. रॉकेल उलटीसोबत फुप्फुसात शिरते, तर कापराने उलटी चालू असतानाच झटका येऊ शकतो. डांबरगोळी गिळल्यास दूध देऊ नये, स्निग्धांशामुळे विष अधिक शोषले जाते. तिन्ही प्रसंगी लगेच रुग्णालय गाठावे.

कपड्यांना कीड लागते ती मुख्यतः घामाच्या, अन्नाच्या डागांवर. ठेवणीतले कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून, घड्या झटकून घट्ट बंद पिशवीत ठेवले तर गोळीची गरज उरत नाही. ढेकणांसाठी चादरी, अभ्रे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावेत आणि खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतावे. आठवड्याने पुन्हा तेच करावे, कारण मधल्या काळात राहिलेली अंडी उबलेली असतात.