आकडा तोच, तरी #N/A: संख्या आणि मजकूर यांची गल्लत

महाराष्ट्रातील प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो आणि त्यातले पहिले दोन अंक, म्हणजे 27, राज्याचे असतात. एखाद्या केंद्रातील शाळांची यादी एक्सेलमध्ये हाताने तयार केली आहे आणि त्या शाळांची पटसंख्या संगणकीय प्रणालीतून उतरवून घेतलेल्या दुसऱ्या यादीत आहे, असे समजू. पहिल्या यादीतील क्रमांक A कॉलममध्ये आहेत, दुसरीतील क्रमांक E मध्ये आणि पट F मध्ये. प्रत्येक शाळेसमोर तिचा पट आणण्यासाठी हे सूत्र लिहिले जाते:

```
=VLOOKUP(A2,E:F,2,FALSE)
```

शेवटच्या FALSE चा अर्थ तंतोतंत जुळणी हवी, जवळपासची चालणार नाही, असा आहे. A2 मध्ये 27990100101 हा उदाहरणासाठी रचलेला क्रमांक आहे. E कॉलममध्येही तोच क्रमांक डोळ्यांना स्वच्छ दिसतो. तरीही उत्तर येते #N/A, म्हणजे शोधलेली किल्ली यादीत उपलब्ध नाही. VLOOKUP ऐवजी MATCH किंवा XLOOKUP वापरले तरी निकाल तोच येतो. सूत्रात काहीही चुकलेले नसते. A2 मधील क्रमांक ही संख्या आहे आणि E मधील क्रमांक हा मजकूर आहे, आणि एक्सेलच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा वेगळेपणा नुसता नावाचा नाही, कारण दोन्हींची साठवणच वेगळी असते. संगणकाच्या स्मृतीत संख्या साठवताना एक्सेल तिचे मूल्य 64 बिटांच्या द्विमान रूपात ठेवते आणि त्या रूपात दशमान अंक कुठेच नसतात. 27 ही संख्या द्विमानात 11011 होते, म्हणजे 16, 8, 2 आणि 1 यांची बेरीज. मजकूर साठवताना मात्र एकेका चिन्हाचा सांकेतिक क्रमांक ठेवला जातो. '2' या चिन्हाचा क्रमांक 50 आणि '7' चा 55 असल्यामुळे मजकुरातले 27 म्हणजे 50 आणि 55 अशी जोडी असते आणि तिच्यात सत्तावीस हे मूल्य कुठेही नसते. .xlsx ही फाइल प्रत्यक्षात अनेक छोट्या फाइलींची झिप असते. ती उलगडून आतील शीटचा मजकूर वाचला, तर तेथे संख्या अंकांत लिहिलेली असली तरी प्रकारांतील फरक थेट दिसतो:

```
<c r="A2"><v>27990100101</v></c>
<c r="E2" t="s"><v>0</v></c>
```

पहिल्या ओळीत क्रमांक स्वतःच लिहिलेला आहे. दुसऱ्या ओळीत t="s" ही खूण सांगते की हा मजकूर आहे, आणि पुढचे 0 म्हणजे मजकुरांच्या स्वतंत्र यादीतील पहिली नोंद. प्रत्यक्ष अकरा अंक त्या वेगळ्या यादीत, sharedStrings.xml मध्ये ठेवलेले असतात. पडद्यावर मात्र दोन्ही सेलमध्ये तेच अकरा अंक उमटतात.

लोकांचा गोंधळ खरा वाढतो तो पुढच्या तपासणीमुळे. शंका आली की साहजिकच एका सेलमधून दुसरी वजा करून पाहिली जाते आणि उत्तर शून्य येते:

```
=A2-E2     0
=A2=E2     FALSE
```

वजाबाकी शून्य असेल तर दोन्ही समानच असले पाहिजेत, असे आपण शाळेपासून शिकलो आहोत. पण बेरीज, वजाबाकी, गुणाकार या क्रिया मजकुरावर होऊच शकत नाहीत. म्हणून वजाबाकीचे चिन्ह दिसताच एक्सेल E2 मधील मजकूर संख्येसारखा वाचता येतो का हे पाहते, वाचता आला तर तात्पुरती संख्या करून घेते आणि मग वजाबाकी करते. बरोबरीच्या चिन्हाला असे रूपांतर करावे लागत नाही, कारण तुलना कोणत्याही दोन मूल्यांची करता येते. एक्सेलच्या क्रमवारीत सर्व संख्या आधी येतात आणि सर्व मजकूर नंतर, त्यामुळे "1" हा मजकूर 999 या संख्येपेक्षाही मोठा ठरतो. संख्या आणि मजकूर कधीच समान ठरत नाहीत. तंतोतंत जुळणी शोधणारी फंक्शने हाच नियम पाळतात.

या फंक्शनांनी स्वतःहून रूपांतर का करू नये, असा प्रश्न येथे पडतो. माझ्या मते त्यांचा काटेकोरपणा योग्य आहे. संख्येत रूपांतर केल्यास "7", "007" आणि "7.0" हे तिन्ही मजकूर एकच होतात. "2E5" हा सांकेतिक क्रमांक दोन लाख या संख्येत बदलतो. जिथे 007 आणि 7 हे दोन वेगळ्या वस्तूंचे क्रमांक आहेत, तिथे एकीची माहिती दुसरीसमोर येऊन बसेल आणि कोणतीही त्रुटी दिसणार नाही. #N/A निदान दिसते तरी. असे चुपचाप रूपांतर काय करू शकते हे COUNTIF मध्ये पाहायला मिळते, कारण ते फंक्शन मोजताना संख्या आणि संख्येसारखा मजकूर यांत भेद करत नाही. एक्सेल संख्येचे पंधराच सार्थ अंक जपते. त्यामुळे केवळ सोळावा अंक वेगळा असलेले दोन सोळा अंकी क्रमांक मजकूर म्हणून बिनचूक साठवलेले असले, तरी COUNTIF त्यांना एकच समजते.

त्याच ढिलेपणाचा निदानासाठी मात्र चांगला उपयोग होतो. ज्या सेलसमोर #N/A आले आहे, तिच्यासाठी हे सूत्र लिहून पाहावे:

```
=COUNTIF(E:E,A2)
```

उत्तर 1 किंवा अधिक आले, तर क्रमांक यादीत आहे आणि अडचण बहुधा प्रकाराचीच आहे. उत्तर 0 आले, तर क्रमांक खरोखरच नाही किंवा त्यात एखादे अनाहूत चिन्ह दडले आहे. त्यानंतर =ISNUMBER(A2) आणि =ISNUMBER(E2) ही दोन सूत्रे खात्री करून देतात. एकाचे उत्तर TRUE आणि दुसऱ्याचे FALSE आले की निदान पक्के होते. LEN मात्र येथे काही सांगत नाही, कारण संख्येची आणि मजकुराची, दोन्हींची लांबी ते 11 अशीच देते.

डोळ्यांवर विसंबून चालत नाही, आणि या भागात सर्वांत जास्त वेळ वाया जातो. एक्सेल सहसा संख्या उजवीकडे आणि मजकूर डावीकडे लावते. संख्येसारखा मजकूर असलेल्या सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोणही दाखवते. पण ही मांडणी हाताने बदलता येते आणि त्रिकोणाची सूचना बंद करता येते. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे Format Cells. A कॉलम निवडून त्याला Text हे स्वरूप दिले, की आकडे लगेच डावीकडे सरकतात आणि काम झाल्यासारखे वाटते, पण ISNUMBER(A2) चे उत्तर TRUE च राहते आणि #N/A जागचे हलत नाही. उलट बाजूने E कॉलमला General किंवा Number हे स्वरूप दिले, तरी आतला मजकूर मजकूरच राहतो. स्वरूप हे साठवलेले मूल्य कसे दाखवायचे एवढेच ठरवते. मूल्याचा प्रकार ठरतो तो सेलमध्ये नोंद होते त्या क्षणी, आणि त्या क्षणी सेलचे जे स्वरूप असेल त्याचा विचार होतो. म्हणूनच स्वरूप बदलल्यावर सेलमध्ये जाऊन F2 आणि मग Enter दाबले, की नोंद नव्याने होते आणि प्रकार खरोखर बदलतो. चारशे शाळांच्या यादीत हे प्रत्येक सेलसाठी करणे अर्थातच व्यवहार्य नाही.

दोन याद्यांचे प्रकार मुळात वेगळे का होतात, हेही येथेच स्पष्ट होते. हाताने टंकलेले अंक, आधी अपॉस्ट्रॉफी दिली नसेल आणि सेल Text स्वरूपात नसेल, तर संख्या होतात. सीएसव्ही फाइलमध्ये प्रकाराची कोणतीही खूण नसते, त्यामुळे ती थेट उघडली की एक्सेल अंदाज बांधते आणि अंकांची संख्या करते. संगणकीय प्रणालीने तयार केलेल्या एक्सेल फाइलीत क्रमांक बहुतेक वेळा मजकूर म्हणूनच लिहिलेले असतात. आणखी एक कारण सहज नजरेतून सुटते. LEFT, MID, RIGHT ही फंक्शने नेहमी मजकूरच परत देतात. क्रमांकाचे पहिले चार अंक घेऊन जिल्हा शोधायला =LEFT(A2,4) लिहिले, तर मूळ क्रमांक संख्या असला तरी मिळालेले चार अंक मजकूर असतात, आणि जिल्ह्यांच्या यादीत संख्या असतील तर पुन्हा #N/A येते. तेथे =LEFT(A2,4)*1 असे लिहिले की काम होते.

आता दुरुस्ती. एकाच सूत्रापुरती ती सोपी आहे: शोधायची किल्ली संख्या असेल आणि यादीत मजकूर असेल तर A2 च्या जागी A2&"" लिहावे, आणि उलट असेल तर A2*1 लिहावे. पण यादी वारंवार वापरायची असेल, तर दोन्ही कॉलम एका प्रकारात आणणे बरे, आणि तो प्रकार मजकूर असावा असे मी आग्रहाने सांगेन. यू-डायस क्रमांकांची कोणी बेरीज करत नाही. शिवाय महाराष्ट्राचा क्रमांक 27 ने सुरू होत असल्यामुळे येथे जाणवत नाही, पण राजस्थानचा राज्यक्रमांक 08 आणि उत्तर प्रदेशाचा 09 आहे. तेथील क्रमांक संख्या झाला की सुरुवातीचे शून्य जाते आणि अकरा अंकांचे दहाच उरतात. पुढे तो A2&"" ने मजकूर केला तरी गेलेले शून्य परत येत नाही. त्यामुळे दोन्ही यादींशेजारी एकेक जादा कॉलम घेऊन त्यात हे सूत्र भरावे:

```
=TEXT(A2,"00000000000")
```

अवतरणचिन्हांतील शून्ये अकरा आहेत. दुसऱ्या यादीशेजारी A2 च्या जागी E2 लिहावे. A2 मध्ये संख्या असो वा संख्येसारखा मजकूर, उत्तर अकरा अंकी मजकूरच येते आणि गळलेले शून्यही भरले जाते. त्यामुळे काही सेल संख्या आणि काही मजकूर अशा मिश्र कॉलमलाही हेच सूत्र पुरते. उत्तरे कॉपी करून Paste Special मधील Values ने मूळ कॉलमवर डकवली, की जादा कॉलम काढून टाकता येतो. ज्या क्रमांकात पंधराहून अधिक अंक आहेत, त्यांच्यासाठी मात्र हा मार्ग घेऊ नये, कारण TEXT ला वाटेत संख्या करावीच लागते आणि पंधराव्यानंतरचे अंक शून्य होतात. असे क्रमांक पहिल्यापासूनच मजकूर म्हणून आणावे लागतात.

हे सर्व केल्यावरही काही ओळींत #N/A उरते. आता LEN उपयोगी पडते. जादा कॉलममधील उत्तराची लांबी 11 ऐवजी 12 आली, तर आत एक न दिसणारे चिन्ह आहे आणि ते बहुधा वेबपानावरून क्रमांक कॉपी करताना सोबत आलेले 160 क्रमांकाचे अखंड रिक्तस्थान असते. TRIM साधी रिक्तस्थाने काढते, पण या चिन्हाला हात लावत नाही. ते असे काढावे लागते:

```
=SUBSTITUTE(A2,CHAR(160),"")
```

लांबी अकरा आहे, दोन्हीकडे मजकूर आहे आणि तरीही #N/A आहे, तर ती शाळा दुसऱ्या यादीत नाही किंवा तिचा एखादा अंक चुकीचा टंकला गेला आहे, आणि त्यासाठी मूळ कागदच उघडावा लागतो.