शब्द हलला की काय हलतं?

कागदाच्या तीन पट्ट्या घ्या. एकीवर 'कुत्रा', दुसरीवर 'मांजराला', तिसरीवर 'चावला' असं लिहा. या पट्ट्या सहा प्रकारे मांडता येतात. 'मांजराला कुत्रा चावला', 'चावला कुत्रा मांजराला', कशाही लावा. एखादी रचना बोलण्यातली वाटेल, एखादी कवितेतली, पण सहाही वेळा चावणारा कुत्राच राहतो.

आता 'द डॉग', 'बिट', 'द कॅट' या पट्ट्या घ्या. पहिली आणि तिसरी यांची अदलाबदल केली की 'द कॅट बिट द डॉग' होतं आणि चावणारंच बदलतं. उरलेल्या चार रचना साध्या वाक्य म्हणून उभ्याच राहत नाहीत. आठवीत भाषांतराचा तास याच खेळाने सुरू करावा. 'मराठीत कर्ता-कर्म-क्रियापद, इंग्रजीत कर्ता-क्रियापद-कर्म' हे सूत्र मुलं पाठ करतात, पण ते का, हे पट्ट्या हलवल्यावरच कळतं. मराठीत कोणी कोणाला काय केलं हे 'ला', 'ने' असे प्रत्यय आणि क्रियापदाचं रूप सांगतं. इंग्रजी नामांना असे प्रत्यय नाहीत, म्हणून तिथे हे काम जागेवर सोपवलंय.

इंग्रजी पहिल्यापासून अशी नव्हती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत कुत्रा कर्ता असला तर 'से हुंड' आणि कर्म असला तर 'थोने हुंड' म्हणत. शब्दाच्या आधीचं रूपच त्याची भूमिका सांगायचं, त्यामुळे शब्दांना हलायला बरीच मोकळीक होती. पुढच्या काही शतकांत ही रूपं झिजली, सगळ्यांच्या जागी एकच 'द' उरला आणि शब्दांच्या जागा पक्क्या होत गेल्या.

मग मराठीत क्रम नुसताच मोकळा पडलाय का? इथेच भाषांतरातली सगळ्यात न दिसणारी चूक होते. ही दोन वाक्यं बघा:

टेबलावर पुस्तक आहे.
पुस्तक टेबलावर आहे.

शब्द तेच, प्रत्ययही तेच. पण पहिलं वाक्य 'टेबलावर काय आहे?' याचं उत्तर आहे आणि दुसरं 'पुस्तक कुठे आहे?' याचं. दुसऱ्या वाक्यातलं पुस्तक ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक आहे. मराठीत साधारणपणे माहीत असलेली गोष्ट आधी येते आणि नवी गोष्ट क्रियापदाला चिकटून बसते. इंग्रजीत पहिलं वाक्य होईल 'देअर इज अ बुक ऑन द टेबल' आणि दुसरं 'द बुक इज ऑन द टेबल'. म्हणजे मराठीने जे क्रमातून सांगितलं, ते इंग्रजीत 'अ', 'द' आणि 'देअर'मध्ये जाऊन बसलं. 'अ लावू की द?' हे कोडं मुलं इंग्रजी वाक्यात सोडवायला बसतात, पण उत्तर बऱ्याचदा मूळ मराठी वाक्याच्या क्रमात असतं.

हेच जरा अवघड वाक्यावर करून बघू: 'काच मुलीने फोडली.' क्रियापदाचं लिंग बघून कर्ता ओळखायची सवय असलेला विद्यार्थी इथे योगायोगाने वाचतो, कारण काच आणि मुलगी दोन्ही स्त्रीलिंगी आहेत. 'मुलीने'च्या जागी 'मुलाने' ठेवा: 'काच मुलाने फोडली'. क्रियापद 'फोडली'च राहिलं, कारण ते काचेशी जुळतंय. कर्ता शोधायचा तर 'ने' शोधायचा, आणि तो सापडला की इंग्रजीत पुढे आणायचा: 'द बॉय ब्रोक द ग्लास'. पण एवढ्यावर थांबलं तर मूळ वाक्यातला जोर हरवतो. काच फुटलीय हे ठाऊकच होतं, फोडली कोणी हा प्रश्न होता. तो जोर ठेवायचा असेल तर 'द ग्लास वॉज ब्रोकन बाय द बॉय' किंवा 'इट वॉज द बॉय हू ब्रोक द ग्लास'. कर्मणी प्रयोगाचा धडा मुलांना रुक्ष वाटतो, पण इंग्रजीत कर्म पुढे आणायची ही एक सरळ वाट आहे.

प्रत्ययांचा भरवसा मात्र प्रत्येक वेळी धरता येत नाही. 'साप बेडूक खातो.' दोन्ही पुल्लिंगी, दोन्ही एकवचनी, प्रत्यय कोणालाच नाही, क्रियापद दोघांशीही जुळतं. आता शब्द फिरवा: 'बेडूक साप खातो.' इथे वाचणारा अडखळतो. काहीजण बेडकाला खाणारा समजतात, काहीजण आधीच्या अनुभवावरून सापालाच. अशा वाक्यात मराठीलाही इंग्रजीसारखं जागेवर विसंबावं लागतं. वर्गात ही पट्टी मुद्दाम शेवटी काढावी आणि हात वर करायला सांगावं: कोणी कोणाला खाल्लं?