तेरापैकी चारच का उठले?

अपघात झाला, पन्नास जण जमले आणि कुणीच पुढे झालं नाही, की आपण पटकन म्हणतो, माणुसकीच उरली नाही. जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांना हे उत्तर पटलं नाही. त्यांनी न्यूयॉर्कमध्ये एक प्रयोग रचला आणि तो 1968 मध्ये प्रसिद्ध झाला.

विद्यार्थ्याला एका छोट्या खोलीत एकटं बसवायचं. कॉलेजमधल्या अडचणींवर इंटरकॉमवरून गप्पा मारायच्या, एकमेकांचं तोंड दिसणार नाही. खरं तर पलीकडचे सगळे आवाज आधीच टेप केलेले. थोड्या वेळाने त्यातला एक आवाज अडखळू लागतो, मला फिट येतेय, कुणीतरी या, असं म्हणत घुसमटतो. पलीकडे आपल्याशिवाय दुसरं कुणी ऐकत नाही असं ज्यांना वाटत होतं, त्या तेरापैकी अकरा जण फिट संपण्याआधीच मदत मागायला बाहेर धावले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटणाऱ्या तेरापैकी फक्त चार.

न उठलेले मुळीच निर्विकार नव्हते. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता. प्रयोग घेणारी व्यक्ती आत आल्यावर अनेकांनी आधी विचारलं, ‘तो बरा आहे ना?’ जावं की न जावं, यातच ते अडकले होते.

आता जरा हिशोब करू. तेरात चार म्हणजे प्रत्येकाची उठण्याची शक्यता सुमारे 31 टक्के. असे पाच जण खरोखर असते आणि प्रत्येकाने स्वतंत्रपणे ठरवलं असतं, तर निदान एक तरी उठण्याची शक्यता सुमारे 84 टक्के निघते. एकट्याची होती 85! एका माणसावरची जबाबदारी जणू पाच जणांत वाटली गेली. मला या प्रयोगातलं हे सर्वांत विलक्षण वाटतं.

पण माणसं एकमेकांना दिसू लागली की हा हिशोबही कोसळतो. त्याच दोघांनी दुसऱ्या प्रयोगात फॉर्म भरत बसलेल्यांच्या खोलीत धूर सोडला. एकटे असताना 75 टक्के लोकांनी जाऊन सांगितलं. तिघे एकत्र असले, तर वरच्या हिशोबाने जवळपास प्रत्येक गटातून कुणीतरी उठायला हवं होतं. आठपैकी तीनच गटांत तसं झालं. प्रत्येक जण दुसऱ्याचा चेहरा बघत होता, तो शांत म्हणजे काही विशेष नसावं, असं समजत होता. दुसराही त्याच्याकडे बघून तेच समजत होता.

संकट उघड असेल तर चित्र पालटतं. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन इथल्या रस्त्यांवरच्या 219 भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण संशोधकांनी तपासलं, तेव्हा दहापैकी नऊ प्रसंगांत निदान एक जण मध्ये पडलेला दिसला. बघे जितके जास्त, तितकी कुणीतरी मध्ये पडण्याची शक्यताही जास्त होती. हाणामारी डोळ्यांसमोर चालू असताना काय घडतंय हे कळायला शेजाऱ्याचा चेहरा वाचावा लागत नाही.