पुसायचा माणूस, कापायची रिक्षा

चहाच्या टपरीचा सहा सेकंदांचा शॉट घेऊ. कॅमेरा ट्रायपॉडवर, सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 150 चित्रं. टपरीशी उभा असलेला लाल शर्टवाला नकोय. त्याच्याभोवती मास्क आखून सॉफ्टवेअरचं स्वयंचलित फिल चालवलं, की सुरुवातीच्या फ्रेममधून तो छान नाहीसा होतो. मग त्याच्यासमोरून एक रिक्षा जाते आणि तिचं पोट टपरीच्या भिंतीत विरघळतं.

सॉफ्टवेअरनं सांगितलं तेच केलं. मास्कच्या आतलं सगळं नकोय, असा आपला हुकूम होता. त्या क्षणी आत रिक्षाही होती. पुढे कोण आणि मागे कोण, हे मास्कला कळत नाही.

म्हणून काम उलटं करायचं. हातानं कापून काढायची ती रिक्षा. माणसाला फक्त झाकायचं. तो जागेवरून जरा हलला की मागची भिंत कुठल्या ना कुठल्या फ्रेममध्ये उघडी पडते. ते तुकडे जोडून रिकाम्या टपरीचं एक चित्र तयार करतात, त्याला क्लीन प्लेट म्हणतात. जो भाग कधीच दिसला नाही, तो शेजारच्या भिंतीवरून क्लोन करून रंगवावा लागतो. (माणसाची सावलीही पुसा, ती हमखास राहते.) हे ठिगळ मूळ शॉटवर बसवायचं आणि त्यावर कापलेली रिक्षा ठेवायची.

अ‍ॅनिमेटर मॅक्स फ्लायशरनं 1915 मध्ये ज्या रोटोस्कोपच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात फिल्मची एकेक फ्रेम काचेवर पाडून गिरवत. आज प्रत्येक फ्रेम गिरवत नाहीत, आणि गिरवूही नये. रेषा दरवेळी किंचित वेगळी पडते आणि कडा उकळल्यासारखी थरथरते. रिक्षा शिरते ती फ्रेम आणि बाहेर पडते ती फ्रेम, इथे आकार पक्का करायचा, मग मधली फ्रेम, मग गरजेपुरत्या त्यांच्या मधल्या; उरलेल्या फ्रेममध्ये आकार सॉफ्टवेअरच सरकवतं. ड्रायव्हरच्या कोपराला वेगळा आकार, कारण तो रिक्षाबरोबर सरळ सरकत नाही. आणि रिक्षा दोन्ही बाजूंनी उघडी असते! सीटच्या वरून आरपार लाल शर्ट दिसतो, तिथे आकारात भोक हवंच.

खरी परीक्षा कडेची. 25 फ्रेमला शटर साधारण 1/50 सेकंद उघडं असतं आणि तेवढ्यात रिक्षा सरकते. म्हणून कडेचा एखादा पिक्सेल 60 टक्के रिक्षाचा, 40 टक्के लाल शर्टाचा असतो. मास्कची कडा कितीही मऊ करा, ती लाली रिक्षाबरोबर येते. मास्क आत ओढून ती कापली, तर रिक्षा कागदातून कातरल्यासारखी दिसते. उपाय असा, की रिक्षाचा आतला पिवळा रंग कडेपर्यंत बाहेर पसरवायचा आणि मग तो त्याच 60-40 प्रमाणात नव्या भिंतीत मिसळायचा.

तपासताना शॉट थांबवून बघू नका, फिरवत ठेवा. थांबलेल्या फ्रेममध्ये चोख वाटणारी कडा चालत्या चित्रात लालसर लुकलुकली, तर शर्ट अजून तिथेच आहे.