माइक जवळ आला की आवाज का भरतो : रिबन माइकपासूनची पार्श्वभूमी

गायक माइकच्या जवळ सरकला की त्याच्या आवाजातला खर्ज फुगतो, हा अनुभव रेकॉर्डिंगच्या आरंभकाळापासूनचा नाही. सुरुवातीचे कार्बन आणि कंडेन्सर माइक पडद्याच्या एकाच बाजूवरचा हवेचा दाब मोजत; त्यांच्याजवळ गेल्यास आवाज मोठा होई, पण त्याचा पोत फारसा बदलत नसे. १९३०च्या दशकाच्या आरंभी आरसीए कंपनीत हॅरी ओल्सन यांनी विकसित केलेला रिबन माइक आला आणि हे चित्र पालटले. यातील ॲल्युमिनियमची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी उघडी असल्याने पुढच्या आणि मागच्या दाबांतील फरकावर हलते. दूरच्या आवाजात हा फरक मुख्यतः लहरी मागे पोहोचण्यास लागणाऱ्या वेळामुळे पडतो. तोंड अगदी जवळ असेल, तर मागचा आवाज अंतरामुळेच क्षीण झालेला असतो आणि त्या फरकाची भर खालच्या सुरांत सर्वाधिक जाणवते.

१०० हर्ट्झच्या आसपासचा सूर घेतल्यास, कागदावरील हिशेबाने रिबन माइकपासून ३० सेंटीमीटरवर तो सुमारे ६ डेसिबलने उचलला जातो, तर ५ सेंटीमीटरवर जवळजवळ २१ डेसिबलने. (तोंड हा काही बिंदू नव्हे, त्यामुळे प्रत्यक्षातील आकडा कमी भरतो.) रेडिओवर हळुवार गाणाऱ्यांना ही ऊब मानवली, निवेदकांचे शब्द मात्र तिच्यात बुडू लागले. म्हणून आरसीएच्या ४४-बीएक्स माइकमध्येच संगीतासाठी एक आणि बोलण्यासाठी खर्ज कापणारी दुसरी अशी जोडणी ठेवलेली होती.

कोनाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. रिबनसमोरून गायक डावीकडे किंवा उजवीकडे सरकला, तर आवाज कमी होतो, पण स्वररंग बराचसा टिकतो. तोच वरून किंवा खालून गायला, तर मात्र अगदी वरच्या सुरांची चमक आणि ‘स’कारांची धार जाते, कारण पट्टी काही सेंटीमीटर उंच असते, १० हजार हर्ट्झच्या सुराची लहर अवघी साडेतीन सेंटीमीटरची असते आणि पट्टीच्या दोन टोकांना ती निरनिराळ्या वेळी पोहोचून स्वतःलाच खोडून काढते.

१९३९ साली बेंजामिन बाउअर यांच्या रचनेवर श्युअर कंपनीने एकाच घटकाचा, मुख्यतः समोरचे ऐकणारा युनिडाइन माइक काढला. अशा कार्डिऑइड माइकमध्ये खर्जाची वाढ उरते, पण कमी. वरच्याच उदाहरणात ५ सेंटीमीटरवर ती सुमारे १५ डेसिबल येते. माइक तोंडापासून ९० अंशांत वळवून त्याच्या बाजूने गायल्यास ती जवळपास नाहीशी होते, मात्र तिच्यासोबत वरच्या सुरांची चमकही मंदावते. पुढे इलेक्ट्रो-व्हॉइस कंपनीने मागील छिद्रे वेगवेगळ्या अंतरांवर ठेवून ही वाढ आटोक्यात आणली. १९६८चा आरई२० माइक याच पद्धतीचा. श्युअरने १९६६च्या एसएम५८मध्ये उलट वाट धरली. गायक ओठ टेकवूनच गाणार हे गृहीत धरून माइकचा खर्जच मुळात उतरता ठेवला. माझ्या मते ही तडजोड अधिक व्यवहारी होती, पण तिची किंमतही आहे : तोच माइक हातभर दूर धरला की भरदार गळाही पोकळ ऐकू येतो.