टिंबाचा і आणि युक्रेन

“दुकानाच्या सिरिलिक, म्हणजे रशियन वळणाच्या लिपीतल्या पाटीवर टिंबाचा і दिसला, की तो देश युक्रेनच, बरोबर ना?”

नाही, हे अक्षर बेलारूशी आणि कझाक भाषांतही रोजच्या वापरात आहे. औषधाच्या दुकानाचेच पाहा. कझाकस्तानातल्या अल्माटीत पाटीवर ‘дәріхана’, म्हणजे ‘दॅरिखाना’, असे दिसते, आणि आपल्या दवाखान्यातला फारसी ‘खाना’ त्यात चक्क ऐकू येतो. तिथे і असला, तरी त्याच शब्दातला ә युक्रेनी लिपीत नाहीच. बेलारूसच्या मिन्स्कमध्ये ‘аптэка’ लिहितात, तर युक्रेनी आणि रशियन पाट्यांवर ‘аптека’ हुबेहूब सारखेच असल्याने त्या एका शब्दावरून निर्णय करूच नये. युक्रेनीसाठी दोन टिंबांचा ї शोधावा, कारण रशियन, बेलारूशी वा कझाक लिपीत तो नाही. मात्र अक्षर भाषा दाखवते, देश नव्हे; कझाकस्तानात रशियन पाट्याही सर्रास असतात.